पिंग बरोबर, बिल मात्र अडलेलं

अमळनेरकडच्या एका जिनिंगमधली ही केस. कपाशीच्या हंगामात वजनकाट्यापुढे गाड्यांची रांग लागलेली, आणि काट्यावरच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर बिलाची स्क्रीन उघडायला मिनिटं लागत होती. काट्यावरचा पोरगा म्हणाला, "भाऊ, पिंग ते बरोबर शे, पन बिल निंघत नही."

केबिन ऑफिसपासून शंभर मीटरपेक्षा लांब, म्हणून मध्ये फायबर आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर. आधी येऊन गेलेल्यांनी पॅचकॉर्ड बदलल्या होत्या, फायबरही पुन्हा जोडून घेतलं होतं. ऑफिसच्या स्विचवर कन्व्हर्टर ज्या पोर्टला जोडला होता, त्याचे आकडे मात्र कुणी उघडून पाहिले नव्हते. या धंद्यात ही सवयच पडली आहे: आधी केबल बदलायची.

```
show interfaces Fa0/12
```

`Half-duplex, 100Mb/s`. खाली `late collision` चा आकडा, आणि बिल उघडलं की तो वाढायचा.

ऑफिसच्या कन्व्हर्टरचा डिप स्विच फोर्स्ड फुल डुप्लेक्सवर होता. फोर्स केलेलं टोक निगोशिएशनचे पल्स पाठवत नाही. अशा वेळी समोरचा ऑटो पोर्ट सिग्नलवरून शंभरचा स्पीड ओळखतो, पण डुप्लेक्स त्याला कळूच शकत नाही. इथरनेटच्या मानकाप्रमाणे त्याला हाफ धरावं लागतं, एका वेळी एकानेच बोलायचं. फुलवरचा कन्व्हर्टर मात्र वाटेल तेव्हा बोलणार, आणि स्विच बोलत असताना तसं झालं की तो त्याला टक्कर समजणार.

पिंगमध्ये एक प्रश्न, मग एक उत्तर. दोघं एकदम बोलतच नाहीत, म्हणून ते स्वच्छ जातं. बिलाचा डेटा सर्व्हरकडून मोठ्या फ्रेममध्ये येतो. 1518 बाइटची फ्रेम जायला सुमारे 121 मायक्रोसेकंद लागतात, तर टक्कर ओळखून पुन्हा पाठवण्याची मुदत पहिल्या 64 बाइटपुरती, म्हणजे 5.12 मायक्रोसेकंद. केबिनकडून परतणारी पोच बहुतेकदा त्या मुदतीनंतरच येऊन आदळते. अशी उशिराची टक्कर झाली की बहुतेक हार्डवेअर ती फ्रेम सोडून देतं. टीसीपीला ती हरवल्याचं नंतर कळतं आणि तो वेगच कमी करतो. कन्व्हर्टरला आकडे दाखवायची सोय असती तर तिथे तुटलेल्या फ्रेमचे सीआरसी एरर दिसले असते.

डिप स्विच ऑटोवर केला. पुष्कळ कन्व्हर्टर तो फक्त चालू होताना वाचतात, म्हणून पॉवर काढून पुन्हा दिली. `show interfaces status` मध्ये `a-full` आणि `a-100` आलं. `clear counters` करून बिलं काढली, आकडा शून्यावरच राहिला. ऑटोची सोयच नसलेला कन्व्हर्टर असता तर पोर्टवरही `speed 100` आणि `duplex full` द्यावं लागलं असतं.

चौकशीत कळलं की जुन्या स्विचचा पोर्टही फोर्स केलेला होता. जोडी जुळलेली, म्हणून वर्षानुवर्षं तक्रार नव्हती. नवा स्विच आला तो ऑटोवर, आणि कन्व्हर्टरकडे कुणी पाहिलं नाही. फोर्स करणाऱ्याने कन्व्हर्टरवर एक चिठ्ठी चिकटवली असती, तर स्विच बदलणाऱ्याला ती त्याच दिवशी दिसली असती.