आमची वाटचाल: एकशे बहात्तर पानांचा हिशेब

सांगलीच्या बाजारपेठेतलं आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी टाकलेलं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात खालचे तीन कप्पे पाण्यात गेले. भिजलेली वही वाळली तरी तिची पानं लाटांसारखी वर येतात, आणि ओल्या कागदाला रद्दीवालाही नाक मुरडतो. पुढच्याच वर्षी शाळा बंद. जूनचा माल तसाच फडताळात बसला. तेव्हा मी हट्ट धरला की आता ऑनलाइन विकायचं. आप्पा म्हणाले, "विक, पण गिऱ्हाइकाला कितवीचं पोर आहे ते कोण विचारणार?"

त्या वेळी मला तो म्हाताऱ्या माणसाचा नेहमीचा प्रश्न वाटला. माल लावताना जो फॉर्म भरावा लागतो त्यात चार रकाने होते: पॅकमधील नग, कागदाचं वजन, रेघांचा प्रकार, वयोगट. पहिल्या संध्याकाळी मी चाळीस वस्तू चढवल्या. वजनाच्या रकान्यात व्यापारी बोलला तो आकडा, रेघांच्या रकान्यात कव्हरवरचा इंग्रजी शब्द आणि वयोगटात सगळीकडे 'सर्व'. वर्णनात 'उत्तम दर्जा'. पुढचे सहा महिने त्या एका संध्याकाळची परतफेड करण्यात गेले.

पहिला फटका नगांचा. सहा वह्यांचा गठ्ठा छान दिसतो म्हणून मी फोटो गठ्ठ्याचा काढला होता आणि दर लावला होता एका वहीचा. चंद्रपूरच्या एका बाईंनी दोन मागवल्या, त्यांना हव्या होत्या बारा. चूक सरळसरळ माझी होती. तेव्हापासून नियम केला: फोटोत जितके नग दिसतात तितकेच पाकिटात जातात, आणि मथळ्यात 'सेट' हा शब्द एकटा येत नाही. '६ वह्या, प्रत्येकी १७२ पृष्ठे' असं पूर्ण लिहायचं. 'बॉक्स' हाही तसाच फसवा शब्द. पेन्सिलींचा बॉक्स दहाचाही येतो आणि बाराचाही, आणि दहाच्या बॉक्सात खोडरबर आणि शार्पनर घातलेला असतो तो मोजून काही जण बारा नग म्हणतात. नगसंख्या आणि किंमत पडद्यावर दाखवणं तर १ जानेवारी २०१८ पासून पॅकबंद वस्तूंच्या नियमांनुसार बंधनकारकच आहे. कव्हरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं ते वाचून लिहायचं, एवढंच काम.

पण 'पान' या शब्दानं मला जेवढं छळलं तेवढं कशानंच नाही. सोलापूरहून एका गृहस्थांचा फोन आला. आवाज शांत, शिक्षकाचा. "ताई, तुम्ही एकशे बहात्तर पानं लिहिलीत. मी मोजली. शहाऐंशी भरली." मी म्हटलं, "सर, दोन्ही बाजू धरायच्या असतात." ते म्हणाले, "मग ती पृष्ठं झाली. पान म्हणजे उलटतो ते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्यांचंच बरोबर होतं. बाजारात आपण सगळे 'एकशे बहात्तर पानी वही' म्हणतो आणि पृष्ठं मोजतो. दुकानात वही हातात असते म्हणून कुणाचं अडत नाही. आता आम्ही '१७२ पृष्ठे, म्हणजे ८६ पाने, दोन्ही बाजूंना रेघा' असं लिहितो. प्रयोगवहीच्या बाबतीत तर हे फारच गरजेचं, कारण तिच्यात एक बाजू रेघांची आणि एक कोरी असते.

त्या फोननंतर मी आलेल्या प्रत्येक नव्या मालातली एक वही मोजायला लागले. मध्ये पिन मारलेली वही दुमडलेल्या कागदांची असते. एका कागदाची दोन पानं, चार पृष्ठं. म्हणून अशा वहीची पृष्ठसंख्या चारच्या पाढ्यात बसलीच पाहिजे. १७२ म्हणजे ४३ कागद. मधली पिन शोधायची आणि तिथपर्यंतची पानं मोजायची, ४३ आली की झालं. एका मालात ४२ आली. कारखान्यानं कव्हरच्या चार बाजूही हिशेबात धरल्या होत्या! शिवाय अनुक्रमणिका आणि छापील माहितीची पानंही बहुतेक जण एकूण आकड्यात धरतात आणि तसं बारीक अक्षरात छापतात. लिहायला प्रत्यक्ष किती उरतात ते आम्ही वेगळं देतो. त्यामुळे आमची वही शेजारच्या दुकानदाराच्या वहीपेक्षा पडद्यावर बारीक दिसते. दिसू दे.

मग कागद. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम, एवढाच त्याचा अर्थ. आमचा एक पुरवठादार 'साठचा कागद' म्हणून वह्या देत होता आणि आम्ही डोळे मिटून ६० जीएसएम लिहीत होतो. एका आईचा शेरा आला: मागची अक्षरं पुढे दिसतात. मी वही घेऊन आमच्या ओळखीच्या सराफांकडे गेले. पाच पानांतून दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरचे दहा चौकोन कापले. असे दहा चौकोन म्हणजे बरोबर एक दशांश चौरस मीटर; त्यांचं वजन दहानं गुणलं की जीएसएम. सराफ हसले. "वहिनी, आता वहीलाही कस लावायचा का?" आणि काट्यावर दहाही चौकोन ठेवले. ५.४२ ग्रॅम. म्हणजे कागद ५४ चा. साठ असता तर काट्यावर सहा ग्रॅम आले असते.

पुरवठादाराला फोन केला तर म्हणाला, "ताई, पावसाळा आहे, कागदाचं वजन बदलतं." बदलतं खरं. पण पावसाळ्यात कागद हवेतलं पाणी ओढतो, त्याचं वजन वाढतं. हे त्याला सांगितल्यावर पलीकडे जरा वेळ शांतता होती. पुढच्या बिलावर त्यानं आपणहून ५४ लिहिलं आणि दरही उतरवला. वही वाईट नव्हतीच. पेन्सिलीला आणि बॉलपेनला ती चांगलीच चालते. फक्त तिला साठची म्हणून विकायचं नव्हतं.

प्रत्येक वेळी कोण सराफाकडे जाणार, म्हणून आता घरच्या स्वयंपाकाच्या काट्यावर काम भागवतो. कव्हर आणि पिना काढायच्या आणि आतला गठ्ठा तोलायचा. आमची वही २४ बाय १८ सेंटिमीटरची. आतली ८६ पानं ५४ च्या कागदाची असतील तर साधारण २०० ग्रॅम भरतात, ६० च्या कागदाची असतील तर २२३. बावीस-तेवीस ग्रॅमचा फरक साध्या काट्यालाही कळतो. एखाद-दुसऱ्या जीएसएमसाठी मी भांडत नाही, तेवढं कागदात इकडेतिकडे होतंच.

वजनानं सगळं कळतं असं मात्र नाही. ५८ च्या दोन वह्या आमच्याकडे आहेत. एकीवर जेल पेन पलीकडे उमटतं, दुसरीवर नाही. कागदाला खळ कशी दिलीय त्यावर शाई फुटणं अवलंबून असतं, आणि ते आकड्यात येत नाही. म्हणून आम्ही एका पानावर बॉलपेन, जेल पेन आणि शाईपेन अशा तीन ओळी लिहितो आणि त्या पानाच्या मागच्या बाजूचा फोटो लावतो. वर्णनातल्या दहा ओळींपेक्षा हा एक फोटो जास्त माल विकतो आणि परतीही कमी आणतो.

रेघांचं प्रकरण मला वाटलं होतं त्याहून खोल निघालं. 'डबल लाइन' लिहिलं की काम झालं असं मी समजत होते. देवनागरी अक्षर वरच्या रेघेला टांगलेलं असतं. वेलांटी, मात्रा वर जातात आणि उकार खाली लोंबतो. म्हणून दुरेघीत जोडीतलं अंतर अक्षराला पुरलं पाहिजे आणि दोन जोड्यांमधली मोकळी जागा मात्रा-उकारांना. इंग्रजीच्या चाररेघीचं तसं नाही. तिथे मधल्या दोन रेघांत अक्षराचं पोट, वरच्या रेघेपर्यंत काना जातो आणि खालच्या रेघेपर्यंत शेपूट. आमचे काही ग्राहक 'डबल लाइन' म्हणून चाररेघी मागतात, काही उलट. म्हणून मथळ्यात तिन्ही नावं देतो: 'दुरेघी, डबल लाइन, मराठी-हिंदी लेखनासाठी'.

एवढं करूनही एकदा ४८ वह्या परत आल्या. वर्गातल्या पालकांनी मिळून चाररेघी मागवली होती, आम्ही चाररेघीच पाठवली. बाईंनी वर्गात नाकारली, कारण त्यांना दोन ओळींमध्ये कोरी पट्टी सोडलेली हवी होती आणि आमच्या वहीत चार रेघा संपल्या की लगेच पुढच्या चार सुरू होत होत्या. कव्हरवर दोन्हींना चाररेघीच छापलेलं. येण्याजाण्याचा खर्च आमच्या अंगावर पडला. त्या दिवसापासून प्रत्येक वहीच्या उघड्या पानावर फूटपट्टी ठेवून फोटो काढतो आणि रेघांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहितो. गणिताच्या चौकटीच्या वहीलाही तेच; चौकट केवढी ते मोजून लिहायचं, 'मोठी चौकट' म्हणून चालत नाही.

राहिला वयोगट. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच रकान्यात कोंबल्या जातात. एक म्हणजे धोका: फळांच्या आकाराचा, वासाचा खोडरबर तीन वर्षांच्या पोराला खाऊच वाटतो. तो 'सर्व वयोगट' लिहून विकत होते याची मला आजही लाज वाटते. अशा वस्तूंना पाकिटावर उत्पादकानं जे वय छापलंय तेच लिहायचं, पदरचं नाही, आणि काहीच छापलं नसेल तर लहानग्यांसाठी ती लावायचीच नाही. दुसरी गोष्ट म्हणजे हाताची तयारी, आणि तिचा संबंध वयापेक्षा इयत्तेशी आहे. वहीला वय कशाला? पण रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून तिथे ६ ते ८ वर्षे भरतो आणि वर्णनात पहिलं वाक्य लिहितो: 'पहिली ते तिसरी. शाळेची यादी आधी पाहा, रेघा शाळेगणिक बदलतात.' आप्पा जे गल्ल्यावर बसून विचारायचे तेच.

आता नवी वस्तू चढवायला मला पाऊण तास लागतो, पूर्वी पाच मिनिटं लागायची. मेमध्ये, जूनच्या मध्याला शाळा उघडायच्या आधी, हा पाऊण तास फार महाग पडतो. म्हणून नवा माल आम्ही मार्चमध्येच मोजून, तोलून ठेवतो.

खाकी कव्हरचे रोल मात्र अजून चढवलेले नाहीत. पाकिटावर नुसतं 'एक रोल' छापलंय. मी आप्पांना टेप दिली आणि दोन रोल दुकानाच्या फरशीवर उलगडायला सांगितले. दोन्ही एकाच खोक्यातले, आणि एक दुसऱ्यापेक्षा हातभर लांब निघाला. आप्पा म्हणाले, तिसरा उलगड.