आमची वाटचाल : तव्याआधी वाटी

कुपवाड एमआयडीसीच्या रस्त्याला आमचा पहिला गाडा लागला तेव्हा भांडवल म्हणजे एक बिडाचा तवा, गॅसची शेगडी आणि उधारीवर आणलेले चार ट्रे अंडी. आज दोन गाडे आहेत. मधल्या वर्षांत बरंच काही झालं, पण धंद्याला वळण लागलं ते मे महिन्यातल्या एका रात्री.

तेव्हा मी एका हातानं थेट तव्यावर अंडी फोडायचो. गिऱ्हाईक बघत राहायचं, मलाही ऐट वाटायची. त्या रात्री दुसरी पाळी सुटली आणि फौंड्रीतली सहा माणसं आली. तोंडावर काळी भुकटी, डोळ्यांत झोप. "मामा, बारा अंड्यांची भुर्जी टाका." कांदा, मिरची, टोमॅटो परतून झालं. दहा अंडी पडली आणि अकरावं फुटताच असा वास सुटला, की बाकावर बसलेली माणसं उठूनच उभी राहिली. सगळा तवा खरवडून टाकला. शिल्लक अंडी होती, पण खाणार कोण? चटणी-पाव खाऊन गेली बिचारी. पैसे मी घेतले नाहीत. जाताना त्यातले एक वयस्कर कामगार म्हणाले, "आमची म्हातारी आधी वाटीत फोडती बघा."

दुसऱ्या दिवशी वाटी आली.

दिवसभर पत्र्याखाली ट्रे तापत होते, चूक माझीच. अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात. उन्हाळ्यात आतलं पाणी लवकर उडतं आणि रुंद टोकाची हवेची पोकळी वाढत जाते. म्हणून ताजं अंडं पाण्यात आडवं पडतं, जुनं उभं राहतं, फार जुनं तरंगतं. पण तरंगलं म्हणजे नासलंच असं नाही. ते फोडल्यावर नाकालाच कळतं. म्हणून वाटी. शंका आली तरच पाण्यात टाकायचं आणि लगेच वापरायचं. आख्खा ट्रे आधी धुऊन ठेवला तर कवचावरचा नैसर्गिक थर जातो आणि अंडी लवकर बिघडतात.

ट्रेवर आता खडूनं तारीख टाकतो. ताजी अंडी हाफफ्रायला, कारण पिवळं फुगीर राहतं, पसरत नाही. चार-सहा दिवसांची, थंड जागी ठेवलेली उकडायला; अगदी ताज्या अंड्याचं कवच सोलताना पांढऱ्याचे लचके निघतात. तडकलेलं अंडं कशालाच नाही. ट्रेमागं एखाद-दुसरं असं निघतंच, तो तोटा धरूनच भाव ठेवलाय.

वाटीमुळं वेळ लागतो. रात्री बाराला गर्दी झाली की "आवरा की वो मामा" ऐकावं लागतं. ते वयस्कर कामगार मात्र अजून येतात, सिंगल ऑम्लेट घेतात आणि बोलत काही नाहीत, फक्त वाटीकडं बघतात.

दुसऱ्या गाड्यावर पुतण्या असतो. तो एका हातानं तव्यावरच फोडतो. मी लांबून येताना दिसलो, की वाटी पुढं ओढतो.