बेरीज जुळली, माणसं हुकली

"साहेब, रोजच्या तीसही बेरजा जुळतात. हजेरीचा तक्ता चुकीचा असूच शकत नाही," ठेकेदाराच्या ऑफिसातला मुलगा फोनवर ठासून सांगत होता. बेरजा खरंच जुळत होत्या. तक्ता मात्र पार चुकलेला होता, आणि त्या एका वाक्यात दोन्ही गोष्टी कशा मावतात ते समजावायला मला दुपारपर्यंत वेळ लागला.

मी नागपूरच्या सीताबर्डीत एका सल्लागाराकडे पीएफ आणि ईएसआयचं काम बघतो. कंत्राटी कामगारांची हजेरी आमच्याकडे तक्त्यात येते, त्यावरून पगार आणि चलान तयार होतं. हे प्रकरण 2024 च्या सप्टेंबरच्या हजेरीचं. बुटीबोरीच्या एका कारखान्यात 41 कामगार. रजिस्टर साइटवर, मुन्शीच्या टेबलावर. त्याने पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकले, ठेकेदाराच्या ऑफिसने ते बघून एक्सेलमध्ये तक्ता केला, त्यावरून पगार खात्यात गेले. चलानाची 15 तारीख तोंडावर होती आणि दोन तक्रारी आल्या.

पहिली शोभाताईंची. पॅकिंगला असतात, रजिस्टरमध्ये 21 नंबर. "म्या एकबी दिवस घरी रायली नाही भाऊ, मारबतीलाबी आली होती. अन् पाच दिवसाचे पैसे काहून कापले?" दुसरी प्रवीणची, 41 नंबर, शेवटचं नाव. त्याच्या खात्यात फक्त पहिल्या पंधरवड्याचे पैसे आले होते. ठेकेदाराच्या ऑफिसात कुणी विचारलंही नव्हतं. नवा पोरगा आहे, पळाला असेल, असं गृहीत धरलं होतं.

एखादाच कामगार बोंबलत असता तर वाचण्यात तक्त्यातलं एखादं घर चुकलं असेल म्हटलं असतं. पण तक्ता उघडल्यावर शोभाताईंच्या ओळीत 23 ते 27 सलग पाच गैरहजेऱ्या दिसल्या. त्यांना विचारलं, या आठवड्यात तुमच्यापैकी कोण नव्हतं? उत्तर लगेच आलं. 22 नंबरचा गडी बालाघाटकडे गावी गेला होता. तक्त्यात त्याची हजेरी पूर्ण होती. जी कामावर होती ती गैरहजर, आणि जो गावी होता तो हजर, त्याच्या गैरहजेऱ्या बरोबर एक ओळ वर. इथेच वास आला.

मुन्शीला फोन करून नवे फोटो मागितले. आधीच्या फोटोंत तीन गोष्टी बिघडल्या होत्या. उजव्या पानाचा वरचा पट्टा कापला गेला होता, म्हणजे तारखाच नव्हत्या. त्याच पानाची उजवी कड, जिथे मुन्शी प्रत्येकाची महिन्याची बेरीज लिहितो, तीही चौकटीबाहेर. आणि व्हॉट्सॲपने फोटो इतका दाबला होता की लाल शाई आणि निळी शाई सारखीच करडी. त्याला सांगितलं: रजिस्टर खिडकीपाशी ने, फ्लॅश बंद ठेव, मोबाइल पानाच्या अगदी वर आडवा धर, शिवणीपाशी पान फुगतं तिथे काच ठेव, आणि फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव. शिवाय दोन्ही पानं एकत्र दिसतील असा एक फोटो वेगळा काढ. "एवढ्यासाठी काच कुठून आणू?" तो म्हणाला. शेवटी ऑफिसच्या टेबलावरची काच काढली त्याने.

उघडं रजिस्टर म्हणजे दोन पानं. डाव्या पानावर छापील अनुक्रमांक, नावं आणि 1 ते 15 तारखा. उजव्या पानावर 16 ते 31 आणि बेरजेचा रकाना. उजव्या पानावर ना नाव, ना अनुक्रमांक. समोरासमोर ठेवलेल्या रजिस्टरमध्ये डोळा सरळ रेषेत जातो, काही वाटत नाही. पण फोटो वेगळे झाले की उजवं पान म्हणजे नुसत्या घरांची चाळणी.

आता 14 नंबर. हा माणूस 9 तारखेला काम सोडून गेला. मुन्शीने डाव्या पानावर 10 पासून पुढे लाल रेघ मारली आणि त्या रेघेवरच लिहिलं, "काम सोडले, एकूण 5". उजव्या पानावर त्याने त्या ओळीला हातच लावला नाही, ती कोरी राहिली. ठेकेदाराच्या ऑफिसात डावं आणि उजवं पान वेगवेगळं टाइप करून शेजारी चिकटवलं होतं. उजवं पान टाइप करताना कोरी ओळ आली, ती गाळली गेली. तिथून खालची सगळी हजेरी एक पायरी वर सरकली. 14 नंबरला 15 ची मिळाली, 21 ला 22 ची, 40 ला 41 ची, आणि 41 ला काहीच उरलं नाही.

रोजची बेरीज म्हणजे उभ्या रकान्याची बेरीज. त्या दिवशी 38 माणसं होती तर ओळी कितीही वर-खाली झाल्या तरी त्या रकान्यात 38 च येणार. ओळ सरकली की उभी बेरीज हलत नाही, फक्त आडवी हलते. उलट तारीख एक घर सरकली तर आडवी तशीच राहते आणि उभी बिघडते. ठेकेदाराच्या ऑफिसात फक्त उभी तपासली होती, कारण आडव्या बेरजेचा रकाना फोटोतच नव्हता. त्या मुलाचं बोलणं खोटं नव्हतं. त्याने जे तपासलं ते बरोबरच होतं.

नवे फोटो आले. टाइप करण्याआधी मी उजव्या पानाच्या फोटोवर पेंटमध्ये, एकत्र फोटोशी ताडून, 1 ते 41 आकडे टाकले. कोऱ्या ओळीलाही तिचा आकडा दिला. तारखा या वेळी दिसत होत्या, तरी रविवारावरून ताडून घेतल्या: 22 आणि 29 च्या घरांत मुन्शी वरपासून खालपर्यंत एकच उभी रेघ ओढतो, आणि सप्टेंबर 30 दिवसांचा, म्हणून 31 चा रकाना पूर्ण कोरा हवा. तसाच होता. डाव्या पानाची तर कुणालाही तोंडपाठ खूण असते, 3 तारीख. आदल्या दिवशी पोळा, त्या दिवशी मारबत. सुट्टी नसते, पण अर्धं बुटीबोरी इतवारीत मिरवणुकीला. रकान्यात नुसते "गै" "गै".

मग आमच्या ऑफिसातली वैशाली टाइप करायला बसली आणि मी वाचायला. आम्ही ओळीने वाचत नाही, तारखेने वाचतो, आणि दर पाचव्या नावाला अनुक्रमांक मोठ्याने बोलतो. कारण मुन्शी हजेरी तारखेने भरतो. एका सकाळचे सगळे शेरे एका पेनाने, एका घाईत लिहिलेले असतात. त्याचा "ह" महिन्याच्या सुरुवातीला नीट असतो, 20 नंतर नुसता पिळा होतो. तोच पिळा 4 तारखेच्या अक्षराशी ताडून पाहिला तर ½ वाटतो, शेजारच्या माणसाच्या त्याच दिवसाच्या अक्षराशी ताडला की "ह" असल्याचं कळतं.

तक्त्यात हजर म्हणजे 1, गैरहजर 0, अर्धा दिवस 0.5, रविवार "र", सुट्टी "सु". गणेश चतुर्थीची 7 तारीख "सु" होती. न वाचता येणारं घर "?". आणि कोरं घर कोरंच. 0 लिहिण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण 0 म्हणजे मुन्शीने गैरहजर लिहिलं, आणि कोरं म्हणजे त्याने काहीच लिहिलं नाही. 14 नंबरच्या ओळीत 10 नंतर शून्यं भरली असती तर काम सोडलेला माणूस आणि दांड्या मारणारा माणूस सारखेच दिसले असते. अक्षरं आणि प्रश्नचिन्हं बेरजेत धरली जात नाहीत, त्यामुळे एकाच सूत्रावर भागतं. शेवटच्या AG रकान्यात मुन्शीची आडवी बेरीज टाकली (14 ची त्या लाल रेघेवरून घेतली) आणि पुढे फरक काढला:

```
=SUM(C16:AF16)-AG16
```

आमच्या तक्त्यात फरक जवळपास सगळीकडे 0 आला. मग तेच सूत्र गंमत म्हणून जुन्या तक्त्याला लावलं. 1 ते 13, सगळे 0. 14 ला अधिक 12. शोभाताई उणे 5, त्यांच्या खालचा अधिक 5, प्रवीण उणे 12. मधल्यांपैकी बऱ्याच जणांना 0, कारण शेजारी-शेजारी दोघं पूर्ण हजर असले की अदलाबदल कळतच नाही. कुणाला एखादा दिवस कमी, कुणाला जास्त. आणि सगळ्या फरकांची बेरीज शून्य. वाचताना चूक झाली असती तर फरक कुठेही, कसेही विखुरले असते. एका ठरावीक ओळीपासून सुरू होणारे आणि एकमेकांना फेडून टाकणारे फरक म्हणजे ओळ घसरलीच.

शोभाताईंचे 11 अधिक 13, म्हणजे 24 दिवस, एकही खाडा नाही. जुन्या तक्त्यावरून पीएफची ईसीआर फाइल गेली असती तर त्यांच्या नावापुढे एनसीपी दिवस 5 लागले असते, म्हणजे पीएफच्या नोंदीत पाच बिनपगारी दिवस. पैसे पुढच्या महिन्यात देता येतात. ती नोंद एकदा गेली की दुरुस्तीला फार फिरावं लागतं.

आमच्याही तक्त्यात दोन घरं "?" राहिली होती, दोन्हीकडे "गै" वर "ह" गिरवलेला. एका ठिकाणी उभी बेरीज एकाने कमी पडत होती आणि त्याच माणसाची आडवीही एकाने कमी. दोन्ही एकाच घरात छेदतात, तिथे 1 टाकला. दुसऱ्या घरात बेरजांनी काहीच सांगितलं नाही, कारण मुन्शीने बेरीजसुद्धा गिरवलेली होती. ते गेटच्या रजिस्टरवरून बघायचं ठरलं. तिथे त्या दिवशी त्याची सही नव्हती. मुन्शी म्हणे तो मागच्या गेटने आला असेल. आम्ही शेऱ्यात तसं लिहिलं आणि निर्णय ठेकेदारावर सोडला. त्याने हजर धरलं.

प्रवीणचे 12 दिवस दुसऱ्याच दिवशी खात्यात गेले. चलानही वेळेत भरलं. उरला 14 नंबर. काम सोडून महिना होत आलेला, आणि खात्यात 12 दिवसांचे जास्त पैसे. ठेकेदाराने माझ्यासमोरच स्पीकरवर फोन लावला आणि जरा कडकच विचारलं, पैसे जास्त आले तर सांगितलं काहून नाही?

"मले वाटलं तुम्ही हिशेब चुकता केला," तो शांतपणे म्हणाला. "मांगचा ओव्हरटाइम बाकी हाय नं माया, ऑगस्टचा."

ठेकेदाराने स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि मला म्हणाला, ऑगस्टचं रजिस्टर मागवून घ्या.