नोटीस कोणाच्या नावाने काढायची?

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. शीट मेटलची ब्रॅकेट आणि कव्हर बनवतो. मशीन आणि माणसं आमचे हे सांभाळतात, हिशेब आणि वसुली माझ्याकडे. गेल्या वर्षी एका गिऱ्हाईक कंपनीने दिलेला ४ लाख ३८ हजारांचा चेक परत आला. बँकेच्या मेमोवर कारण लिहिलं होतं, खात्यात पुरेशी रक्कम नाही. दोन दिवस फोन करून पाहिले आणि मग वकीलबाईंकडे गेले.

कागद बघून त्या म्हणाल्या, "ताई, मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस जायला हवी. कंपनीला तर पाठवूच. पण उद्या तक्रार दाखल करायची वेळ आली, तर कंपनीचा कारभार कोणाच्या हातात होता ते आपल्याला लिहावं लागेल. ती नावं मला आणून द्या."

मला वाटलं, यात शोधायचं काय? कंपनीच्या वेबसाइटवर तीन फोटो होते. पहिला संस्थापकांचा, खाली 'चेअरमन अँड मॅनेजिंग डायरेक्टर'. दुसरा सीईओंचा. आमचे सगळे ईमेल, सगळी आश्वासनं याच गृहस्थांकडून आलेली. तिसरा संस्थापकांच्या मुलीचा, खाली नुसतं 'डायरेक्टर'. मी तिन्ही नावं लिहून दिली. वकीलबाईंनी कागद बाजूला ठेवला. "वेबसाइट म्हणजे कंपनीची जाहिरात. सरकारदप्तरी काय नोंद आहे ते बघा. आणि आधी ही कंपनी नक्की कोणती, ते ठरवा."

दुसरं वाक्य मला तेव्हा कळलं नाही. घरी येऊन आमची परचेस ऑर्डर काढली. लेटरहेडच्या तळाला एकवीस अक्षरा-आकड्यांचा एक क्रमांक असतो, त्याला सीआयएन म्हणतात. कंपनीच्या पत्रावर आणि बिलावर तो छापणं कायद्याने बंधनकारक आहे. पहिलं अक्षर U असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही, L असेल तर नोंदलेली आहे. पुढे राज्याची दोन अक्षरं येतात, मग स्थापनेचं वर्ष. PTC म्हणजे प्रायव्हेट, PLC म्हणजे पब्लिक. आमच्या ऑर्डरवरचा क्रमांक एका प्रायव्हेट कंपनीचा होता आणि चेकवर छापलेलं नावही तिचंच. वेबसाइटच्या तळाला मात्र वेगळाच सीआयएन होता. ती साइट अख्ख्या ग्रुपची होती. नावाचे पहिले दोन शब्द सारखे, पण कायद्याच्या नजरेत या दोन निरनिराळ्या कंपन्या. ज्या कंपनीने आम्हाला चेक दिला, तिचा चेअरमन कोण आणि एमडी कोण, हे त्या वेबसाइटवर कुठेच नव्हतं.

मग कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in या साइटवर गेले. तिथे लॉगिन करून View Company/LLP Master Data मध्ये सीआयएन टाकला की कंपनीची माहिती आणि खाली डायरेक्टरांची यादी येते. प्रत्येकाचं नाव, डीआयएन म्हणजे डायरेक्टरचा आठ आकडी ओळख क्रमांक, पद आणि नेमणुकीची तारीख. आमच्या कंपनीच्या यादीत तीन नावं होती. संस्थापकांच्या नावापुढे Director, मुलीच्या नावापुढे Managing Director, आणि मी कधी न ऐकलेल्या एका नावापुढे Whole-time director. सीईओंचं नाव यादीत नव्हतंच, आणि 'चेअरमन' हा शब्दही कुठे दिसला नाही.

मी यादी दोनदा तपासली. आपणच काहीतरी चुकीचं उघडलंय असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी एकेक पद घेऊन समजावलं, आणि तेव्हा ती यादी वाचता आली.

चेअरमन म्हणजे संचालक मंडळाच्या बैठकीचा अध्यक्ष. २०१३ च्या कंपनी कायद्यात या पदाची स्वतंत्र व्याख्याच नाही. संचालक आपल्यातल्याच एकाला अध्यक्ष करतात. तो बैठक चालवतो आणि समसमान मतं पडली तर त्याला आणखी एक निर्णायक मत देता येतं, असं कायद्यासोबतच्या नमुना नियमावलीत आहे. नुसत्या अध्यक्षपदामुळे रोजच्या कारभाराचा अधिकार येत नाही. एखादा चेअरमन रोज ऑफिसात बसून सगळं बघत असेल तर त्याला एक्झिक्युटिव्ह चेअरमन म्हणतात, नाहीतर तो नॉन-एक्झिक्युटिव्ह. आमच्या यादीतल्या संस्थापकांपुढे नुसतं Director होतं, कारण रोजच्या कारभाराचं कोणतंही पद त्यांच्या नावावर उरलेलं नव्हतं.

मॅनेजिंग डायरेक्टरची मात्र कायद्यात व्याख्या आहे. तो आधी डायरेक्टर असावाच लागतो, आणि कंपनीच्या नियमावलीने, कराराने किंवा ठरावाने त्याला कारभाराचे भरीव अधिकार दिलेले असावे लागतात. याच व्याख्येत पुढे स्पष्ट केलंय की चेकवर सही करणं किंवा शेअर सर्टिफिकेटवर सही करणं ही नेहमीची कामं आहेत, ती भरीव अधिकारांत मोजायची नाहीत. हे मला फार महत्त्वाचं वाटलं. आपण छोटे लोक चेकवर ज्याची सही तोच मालक असं धरून चालतो.

सीईओची व्याख्या एका ओळीची आहे: कंपनीने ज्या अधिकाऱ्याला सीईओ म्हणून नेमलं तो सीईओ. तो डायरेक्टर असलाच पाहिजे असं नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला, किंवा १० कोटी रुपये आणि त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या पब्लिक कंपनीला एमडी, सीईओ किंवा मॅनेजर यांपैकी कोणीतरी पूर्णवेळ नेमावाच लागतो, त्यांपैकी कोणी नसेल तर पूर्णवेळ संचालक. अशा कंपनीत सीईओची नोंद सरकारदरबारी होते. आमची गिऱ्हाईक कंपनी प्रायव्हेट, तिला ते बंधन नाही. ईमेलची सही मी परत नीट वाचली, तर तिथे 'ग्रुप सीईओ' होतं आणि खाली दुसऱ्याच कंपनीचं नाव.

एवढं कळल्यावर ओळखीच्या कंपन्यांवर हात बसवावा म्हणून बजाज ऑटोची जुनी वार्षिक अहवालपत्रं उघडली. ही कंपनी आकुर्डीची, आमच्यापासून जवळ, त्यामुळे उत्सुकता जास्त. आम्ही सगळे आयुष्यभर 'राहुल बजाज यांची कंपनी' म्हणत आलो. पण १ एप्रिल २०२० पासून ते नॉन-एक्झिक्युटिव्ह चेअरमन होते आणि कारभार एमडी म्हणून राजीव बजाज यांच्याकडे होता. मे २०२१ पासून नीरज बजाज चेअरमन झाले आणि राहुल बजाज 'चेअरमन एमेरिटस', म्हणजे मानाचं पद. एकच आडनाव आणि तीन माणसं, नुसत्या बातम्या वाचून कोण काय ते सांगता आलं नसतं. अहवालातल्या कॉर्पोरेट गव्हर्नन्सच्या प्रकरणात मात्र प्रत्येक संचालकापुढे तो एक्झिक्युटिव्ह की नॉन-एक्झिक्युटिव्ह हे लिहिलेलं असतं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीबद्दल शोधायचं असेल तर मी आता आधी तेच पान उघडते.

यातून एमडी म्हणजेच सगळ्यात वरचा, असा नियम मी मनाशी केला होता. तो वकीलबाईंनी लगेच मोडला. स्टेट बँक स्वतःच्या वेगळ्या कायद्याने चालते, तिथे चेअरमन हाच प्रत्यक्ष कारभार बघणारा प्रमुख आणि त्याच्या हाताखाली चारपर्यंत मॅनेजिंग डायरेक्टर असू शकतात. एलआयसीमध्येही बरीच वर्षं चेअरमनच प्रमुख होता, २०२३ पासून तिथे 'सीईओ अँड एमडी' आहे. गुंतवणूक क्षेत्रातल्या बँकांत तर 'मॅनेजिंग डायरेक्टर' ही नुसती बढतीची पायरी असते. एका ऑफिसात असे कितीतरी एमडी भेटतात आणि त्यातला कोणी संचालक मंडळावर नसतो.

आता आमच्या कामाला तारखेचा प्रश्न उरला होता. यादीत मुलीच्या एमडीपदाची तारीख चेकच्या तारखेच्या पाच महिने आधीची होती. पण नुसत्या यादीवर थांबू नका, असं वकीलबाईंनी बजावलं होतं. असा बदल झाला की कंपनीने डीआयआर-१२ हा फॉर्म तीस दिवसांत भरायचा असतो. फॉर्म उशिरा भरला तर तोपर्यंत यादी जुनीच राहते, त्यामुळे आज दिसणारा एमडी त्या दिवशीचा एमडी असेलच असं नाही. शंभर रुपये भरून कंपनीचे सार्वजनिक कागद बघता येतात. मी भरले. डीआयआर-१२ निघाला, सोबत ठरावाची प्रत. संस्थापकांनी एमडीपद सोडलं, ते चेअरमन म्हणून राहणार पण बिगर-कार्यकारी, मुलगी एमडी. वेबसाइटवरून यातलं काहीच कळलं नसतं.

चेकवरच्या सहीखाली नाव नव्हतं, फक्त 'अधिकृत स्वाक्षरी' असा शिक्का. तशीच सही आमच्या ऑर्डरच्या एका सुधारित प्रतीवर सापडली आणि तिथे खाली नाव होतं. तेच ते तिसरं अनोळखी नाव, पूर्णवेळ संचालकांचं.

सगळे कागद घेऊन गेले तेव्हा वकीलबाईंनी अर्ध्या तासात ठरवलं. कंपनी पहिली. एमडी दुसऱ्या, कारण त्या पदामुळेच कारभाराची जबाबदारी धरली जाते, सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तसं म्हटलं आहे. चेकवर सही करणारे संचालक तिसरे, कारण सही त्यांचीच. चेअरमनना वगळलं. मला ते पटत नव्हतं. "बाई, कंपनी त्यांनीच उभी केली, शब्द त्यांचाच चालतो," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "चालत असेल. पण त्यांनी या व्यवहारात काय केलं, त्याचा एक तरी कागद आहे का तुमच्याकडे?" नव्हता. आणि कागद नसताना ऐंशीच्या पुढच्या माणसाचं नाव ओढणं मलाही बरं वाटलं नसतं.

सीईओंबद्दल त्या जास्त वेळ विचार करत होत्या. डायरेक्टर नसलेला माणूसही प्रत्यक्षात कारभार बघत असेल तर त्याला जबाबदार धरता येतं, पण तो कसा बघत होता ते दाखवावं लागतं. त्यांचे ईमेल होते, पण त्यात "अकाउंट्सला सांगितलंय" यापलीकडे काही नव्हतं, आणि पगार दुसऱ्या कंपनीचा. त्यांना नोटिशीत घेतलं नाही, ईमेलच्या प्रती मात्र फाइलला लावून ठेवल्या.

मेमो आल्याच्या एकविसाव्या दिवशी रजिस्टर पोस्टाने नोटीस गेली, कंपनीला नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर. तो पत्ताही मास्टर डेटामधूनच घेतला, वेबसाइटवर दिलेला कॉर्पोरेट ऑफिसचा पत्ता वेगळा होता. पैसे भरायला कायद्याने पंधरा दिवस मिळतात. अकराव्या दिवशी थेट एमडींच्या ऑफिसातून मला फोन आला, वर्षभरात पहिल्यांदाच, आणि दोन दिवसांनी आरटीजीएसने पूर्ण रक्कम जमा झाली.

माझ्या खतावणीत आता प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पानावर वरच्या कोपऱ्यात सीआयएन, एमडीचं नाव आणि ते तपासल्याची तारीख असते. परवा एका नव्या कंपनीची ऑर्डर आली. व्हिजिटिंग कार्डवर 'सीईओ अँड फाउंडर' होतं, आणि मास्टर डेटामध्ये त्या गृहस्थांचं नाव नव्हतं, होती ती त्यांच्या पत्नीची आणि भावाची नावं. मी अर्धी रक्कम आगाऊ मागितली आहे.