ढबू

बेळगावच्या एका रुग्णालयात मी वाचाउपचाराचं काम करते. पक्षाघातानंतर ज्यांची भाषा हरवते, अशी माणसं माझ्याकडे येतात. त्यांच्या हातापायांचं फिजिओथेरपिस्ट बघतात, मी शब्दांचं बघते. लोकांना वाटतं आम्ही जीभ सरळ करतो. वाचाघातात जीभ बहुतेक वेळा ठीक असते. शब्द सापडत नाही किंवा सापडलेले शब्द वाक्यात बसत नाहीत, हे खरं दुखणं.

त्या मंगळवारी खानापूर तालुक्यातल्या एका मावशी आल्या. वय बासष्ट, पक्षाघात होऊन पाच आठवडे झालेले. सोबत सून होती, माहेरची पुण्याची. पहिली चाचणी माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलीनं घेतली. तीही पुण्याचीच, हुशार आणि कष्टाळू. मी शेजारच्या खोलीत दुसऱ्या रुग्णाजवळ होते. परत आले तर तिनं गुणपत्रक पुढं केलं. तिच्या मते वाक्यरचना फार बिघडलेली होती आणि शब्दांची निवडही.

मी तिची नोंद ओळीनं वाचली. ‘आज सकाळी काय केलंत?’ याला मावशींचं उत्तर होतं, ‘मी... भाकरी केलो.’ शेरा: लिंग चूक, क्रियापदाचा मेळ चूक. झाडाखाली उभ्या माणसाचं चित्र दाखवल्यावर, ‘उभारलाय.’ शेरा: चुकीचं क्रियापद. लाल तिखटाची वाटी, ‘चटणी.’ शेरा: जवळचा पण चुकीचा शब्द. हिरव्या सिमला मिरचीवर मावशी काहीतरी ‘ढ’सारखं बोलल्या होत्या. शेरा: निरर्थक ध्वनी.

यातला एकही शेरा मला मान्य नव्हता. आमच्याकडं माणूस उभारतो. लाल तिखटाला चटणी म्हणतात, आणि भाजीत ‘चटणी घाल’ म्हटलं की सासरी नवी आलेली पुण्याची मुलगी खोबऱ्याची चटणी शोधते, हा घरोघरचा किस्सा आहे. सिमला मिरची म्हणजे ढबू. बायका ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात. मीसुद्धा माहेरी गेले की तेच बोलते, इथं नोकरीच्या खुर्चीवर बसले की ‘जाते’ म्हणते.

‘केलो’चं कारण मी तिला समजावलं. पुस्तकी मराठीत ‘मी भाकरी केली’ म्हणताना क्रियापद भाकरीकडं बघतं. कन्नडमध्ये ते नेहमी करणाऱ्याकडं बघतं, आणि ‘मी’ बोलताना बाई-पुरुष असा भेदही करत नाही. पिढ्यान् पिढ्या दोन्ही भाषा एकाच अंगणात वावरल्यावर आमच्या मराठीलाही ते वळण लागलं. मेंदूच्या इजेशी त्याचा काही संबंध नाही.

मग दुखणं कुठं होतं? मी मावशींसमोर पुन्हा बसले आणि त्यांच्याच बोलीत विचारलं, ‘मावशी, साडी कुठं ठेवता?’ त्या थांबल्या. ओठ हलले. ‘कपाट... साडी... कपाट.’ ‘कपाटात’मधला ‘त’ गेला, क्रियापदही गेलं. अडकित्ता दाखवला. हातानं कातरून दाखवत म्हणाल्या, ‘ते... सुपारी... ते.’ मी ‘अड’ एवढाच आवाज दिला आणि ‘अडकित्ता’ लगेच आला. पहिला आवाज दिल्यावर शब्द येतो, म्हणजे तो आत शाबूत आहे, वाट तेवढी बुजली आहे. खरा वाचाघात तो हा. बोलीचा शब्द धडधडीत येतो आणि दर वेळी तोच येतो. आजारातली चूक अडखळत येते, आता एक आणि पाच मिनिटांनी दुसरी, आणि आपलं चुकलंय हे पुष्कळदा रुग्णाच्या चेहऱ्यावर दिसतं.

गुणांपेक्षा एक गोष्ट मला जास्त लागली. ‘उभारलाय’ ऐकून ती मुलगी हसली होती. वाईट मनानं नाही. ‘इमारत आहे का उभारायला?’ असं पुण्यातले लोक आम्हाला नेहमीच म्हणतात, ती तेच म्हणाली. सुनेनं सांगितलं, त्यानंतर मावशींनी पुढची चार चित्रं बघितलीच नाहीत. मला राग आला, आणि तो मी तिला बोलून दाखवला.

सून मात्र म्हणाली, ‘मॅडम, आमच्या घरी हे रोजचंच आहे. मी भोपळी मिरची म्हणायचे, आई मला सोडायच्या नाहीत.’ मला ते बघायचं होतं. मी सिमला मिरचीचं चित्र सुनेच्या हातात दिलं. ती सासूकडं बघून मोठ्यानं म्हणाली, ‘आई, ही भोपळी मिरची.’

मावशींचा चेहरा बदलला. ‘भोपळा?’ थोडं थांबून, ‘ढबू गे! ढबू! भोपळा... खुळी काय!’

सून हसता हसता रडायला लागली. पाच आठवड्यांत त्यांनी तिला पहिल्यांदाच ‘खुळी’ म्हटलं होतं.

मी लगेच हुरळले नाही. घोटून घोटून जिभेवर बसलेलं बोलणं, म्हणजे वार, आकडे, शिव्या, आरत्या, वाचाघातात पुष्कळदा टिकून असतं. हे बोलणंही त्या घरात वर्षानुवर्षं घोटलेलं. तासाभरानं मी तेच चित्र न बोलता पुढं धरलं, तेव्हा ‘ढबू’ आला नाही. ‘ढ’ दिल्यावर आला. म्हणजे थट्टेनं वाक्य बांधण्याची ताकद परत येत नाही, पण शब्दापर्यंत जायची एक वाट ती उघडते. सुनेला मी घरचा अभ्यास तोच दिला: रोज वीस मिनिटं, दहा वस्तू, प्रत्येकीला मुद्दाम पुणेरी नाव द्यायचं आणि सासूच्या उत्तराची वाट बघायची. शब्द आपण पुरवायचा नाही, मनात दहा आकडे मोजून झाल्यावर फक्त पहिला आवाज द्यायचा.

त्या मुलीला मी सांगितलं ते एवढंच. निपाणीचा माणूस आम्हाला हसतो, आम्ही पुण्याला हसतो, पुणं आम्हा सगळ्यांना हसतं, आणि ते चालतं, कारण समोरच्याला उलटून बोलता येतं. मावशींना त्या दिवशी ते येत नव्हतं. तिनं जाऊन मावशींचा हात धरला आणि चित्राकडं बोट दाखवून म्हणाली, ‘उभारलाय, मावशी.’ मावशींनी मान हलवली.

दोष सगळा तिचा नाही. आमच्याकडची चित्रं आणि उत्तरांची यादी पुस्तकी मराठीतली आहे. ‘ढबू’ला गुण द्यायचा की नाही हे तिथं लिहिलेलं नाही, आणि ज्याला ही बोली येत नाही तो गुण देणार नाही. मग आजार आहे त्यापेक्षा मोठा दिसतो, घरचे घाबरतात, आणि जे बिघडलेलंच नाही ते दुरुस्त करण्यात उपचाराचे दिवस जातात.

गुणपत्रक मी नव्यानं केलं. ‘उभारलाय’, ‘चटणी’, ‘ढबू’ हे तिन्ही बरोबर. ‘केलो’ मात्र अजून डोक्यातून जात नाही. खात्रीसाठी मी मावशींच्या धाकट्या बहिणीला फोन केला आणि सकाळी काय काय केलं ते विचारत राहिले. त्याच गावच्या, जवळपास त्याच वयाच्या. पाच मिनिटांत त्या दोनदा ‘भाकरी केलो’ म्हणाल्या आणि एकदा ‘आमटी केली’. मावशीही आजाराआधी दोन्ही म्हणत असतील. मग त्या सकाळचं ‘केलो’ बोलीतून आलं की इजेतून, हे एका वाक्यावरून कसं ठरवायचं? त्या ओळीपुढचा गुण मी रिकामा ठेवलाय. पुढच्या मंगळवारी दोघी बहिणींना शेजारी बसवून बोलतं करणार आहे.