बरोबर उत्तराचा घोळ

उदासिनीकरणाच्या प्रॅक्टिकलमध्ये आम्ल आणि अल्क मिसळल्यावर किती उष्णता निघते ते मोजायचं असतं. चुकीचं उत्तर आलं की काम सोपं असतं, कुठे घसरलं ते शोधायचं. परवा उत्तर बरोबर आलं आणि तिथेच पंचाईत झाली.

कृती साधीच आहे. एकात एक बसवलेले थर्माकोलचे दोन कप, त्यात एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिली, वरून तेवढंच एक मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, आणि थर्मामीटर. त्या दिवशी एका गटाने उत्तर लिहिलं: मोलमागे उणे ५६.८ किलोज्यूल. पुस्तकातला आकडा ५७ च्या आसपास. आमच्या गुणदान तक्त्याप्रमाणे पूर्ण मार्क. शेजारच्या टेबलावर तीच द्रावणं, तसेच कप, पण उत्तर उणे ५१.०. त्यांची तोंडं उतरलेली.

मी दोन्ही जर्नल शेजारी ठेवली. मिसळल्यानंतरचं सर्वात जास्त तापमान दोघांचंही ३२.८ अंश. म्हणजे फरक सुरुवातीच्या तापमानात होता. पहिल्या गटाने आम्लाचं तापमान घेतलं होतं, २६.०. अल्काचं घेतलंच नव्हतं. त्यांच्याकडे उरलेल्या सोड्यात थर्मामीटर बुडवला, तर २७.४! सोडा त्याच सकाळी तयार केलेला. लिटरभर पाण्यात ४० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड विरघळवलं की द्रावण साधारण दहा अंशांनी तापतं, आणि भरलेली मोठी बाटली निवायला पुष्कळ वेळ घेते. हाताला ती गार लागते. थर्मामीटरला लागत नाही. द्रावण आदल्या दिवशी करून ठेवा, हे मी सांगून थकले आहे.

दोन्ही द्रावणं समान घेतली असल्याने खरी सुरुवात दोन तापमानांच्या सरासरीपासून धरायला हवी, २६.७. मग वाढ ६.८ नाही, ६.१. शंभर ग्रॅम द्रावण, विशिष्ट उष्मा ४.१८, वाढ ६.१: सुमारे २५५० ज्यूल. ५० मिलीत आम्ल ०.०५ मोल, तेव्हा त्याने भागायचं. येतात ५१.०. शेजारच्या गटाने नेमकं हेच केलं होतं. दोन्ही द्रावणांसाठी एकच थर्मामीटर, मध्ये धुऊन पुसलेला. हे पुसणं महत्त्वाचं आहे, कारण चिकटलेला आम्लाचा थेंब अल्कात गेला तर तिथेच थोडं उदासिनीकरण उरकतं. आणि दोन वेगळे थर्मामीटर वापरले तर त्यांचा आपसातला अर्धा अंशाचा फरक आपण द्रावणांच्या माथी मारतो.

मग ५१ का? उष्णता गळली म्हणून. सुदैवाने दुसऱ्या गटाने दर मिनिटाची रीडिंग पुढेही घेतली होती. द्रावणं चौथ्या मिनिटाला मिसळली. पाचव्या मिनिटाला ३२.८, मग ३२.६, ३२.४, असं उतरत गेलं. आलेखावर या बिंदूंमधून सरळ रेषा काढून ती मागे चौथ्या मिनिटापर्यंत नेली की ३३.० मिळतं. थर्मामीटरने हे तापमान कधीच दाखवलं नाही. एका क्षणात सगळं मिसळलं असतं आणि वाटेत काही गळलं नसतं, तर ते दिसलं असतं. वाढ झाली ६.३, उत्तर ५२.७.

उरलेलं कपाने आणि थर्मामीटरने खाल्लं. गरम-गार पाणी मिसळून आमच्या कपांची उष्माधारकता मी आधी काढून ठेवली होती, अंशामागे साधारण २० ज्यूल. ६.३ अंशांना १२६ ज्यूल. ते मिळवले की ५५.२. अजूनही काटेकोरपणे बोलायचं तर तयार झालेलं मिठाचं द्रावण म्हणजे शुद्ध पाणी नाही, त्याला तेवढंच तापायला पाण्याहून किंचित कमी उष्णता लागते. पण कपाच्या प्रयोगात तेवढ्यावर अडून बसण्यात अर्थ नाही.

पहिल्या गटाचे ५६.८ आले ते दोन चुकांनी एकमेकींना झाकल्यामुळे. उष्णता गळल्याने उत्तर कमी झालं, आणि गरम सोड्याची उष्णता अभिक्रियेच्या खात्यावर जमा झाल्याने ते परत वर चढलं. सोडा नीट निवलेला असता तर हीच पद्धत त्यांना ५१ च्या आसपास घेऊन गेली असती.

मी सहकाऱ्याला हे दाखवलं. "उत्तर रेंजमध्ये आहे ना? मग मार्क द्या," तो म्हणाला. तक्ता फक्त शेवटचा आकडा बघतो, आणि तक्ता बनवणाऱ्यांनी कप हातात धरून किती वर्षं झाली असतील कोण जाणे. पहिल्या गटातल्या मुलीचा प्रश्न मात्र जास्त अवघड होता: "मॅडम, आम्हाला ५१ आले असते तर तुम्ही आमचं जर्नल एवढं तपासलं असतं का?"

तपासलं असतं. पण ५६.८ एकटंच समोर आलं असतं, शेजारी ५१ नसतं, तर सही करून पुढच्या टेबलाकडे गेले असते. आता तक्त्यात दोन्ही द्रावणांच्या सुरुवातीच्या तापमानांना वेगळे मार्क ठेवावेत असं मी लिहून दिलंय. शेवटच्या आकड्याचे मार्क त्यासाठी कमी करावे लागतील, आणि गाडी तिथेच अडली आहे.