सूर्यफुलाची वेशभूषा: केसांभोवतीची करडी कड अखेर गेली

लेकीचा सूर्यफुलाचा पोशाख शिवण्याआधी तो संगणकावर तिच्या छायाचित्रावर बसवून पाहते आहे. मागच्या नोंदीत हे काम जिथे अडले होते, तिथून ते आता पुढे सरकले आहे. लेकीच्या चेहऱ्यामागे पिवळ्या पाकळ्यांचे कडे बसवले की केसांच्या टोकांभोवती एक मळकट करडी कड उमटत होती आणि त्यामुळे पाकळ्या मागून चिकटवल्यासारख्या दिसत होत्या. ती कड आता गेली आहे.

मूळ अडचण अशी की केसाचे टोक एका पिक्सेलपेक्षाही बारीक असते. त्या पिक्सेलमध्ये केस आणि मागची भिंत यांचे रंग मिसळलेले असतात, त्यामुळे निवड कितीही काटेकोर केली तरी केसाबरोबर भिंतीचा अंश येतोच. कड आतल्या बाजूने कापली तर सुटे केस नाहीसे होतात आणि डोक्यावर टोप घातल्यासारखे दिसते. निवडीची कड मऊ केली तर करडा पट्टा आणखी रुंद होतो. गिंप या चित्रसंपादनाच्या प्रोग्रॅममधील अग्रभाग निवडण्याच्या साधनानेही कपाळावरचे केस चांगले सुटले, पण कानांमागचे नाही.

उपाय सापडला तो केस कापून काढण्याचा नाद सोडल्यावर. मूळ छायाचित्राच्या थराच्या दोन प्रती केल्या. वरच्या प्रतीत थराचा नको तो भाग झाकणारा लेयर मास्क लावून चेहरा, मान आणि दाट केस एवढेच ठेवले. खालची प्रत पाकळ्यांच्या थरावर मल्टिप्लाय मोडमध्ये ठेवली आणि तिच्या मास्कमध्ये केसांच्या कडेचा अरुंद पट्टा तेवढा उघडा ठेवला. या मोडमध्ये पांढऱ्याने गुणलेला रंग तसाच राहतो आणि गडद रंग खाली उतरतो, म्हणून भिंत नाहीशी होऊन काळे केस पिवळ्यावर आपोआप उमटतात.

अर्थात घरातली भिंत छायाचित्रात पांढरी कधीच नसते. तेवढ्यासाठी उजळपणा बदलणाऱ्या लेव्हल्समधील शुभ्र बिंदू निवडण्याच्या ड्रॉपरने केसांलगतच्या भिंतीवर टिचकी दिली. भिंत पूर्ण पांढरी झाली आणि कड गेली, पण डाव्या कानामागे एक डाग उरलाच, कारण तिथे डोक्याची सावली भिंतीवर पडली होती. तो डाग घालवण्यासाठी शुभ्र बिंदू सावलीतून घेतला, तर बारीक केस फिके पडले. त्यामुळे नवे छायाचित्र काढले: लेक भिंतीपासून सुमारे दीड मीटर पुढे उभी, उजेड समोरच्या खिडकीतून. सावली भिंतीपर्यंत पोहोचलीच नाही आणि पहिल्याच टिचकीत काम झाले. ही युक्ती काळे केस, फिकी भिंत आणि फिका पोशाख अशी जोडी असेल तेव्हाच चालते. पुढे घुबडाचा गडद तपकिरी पोशाख करायचा झाला तर केस त्यात बुडून जातील.

नव्या छायाचित्रात तिच्या हनुवटीखाली, चेहऱ्याच्याच अंतरावर, ३० सेंटिमीटरची पट्टी धरायला लावली होती. ती ६०० पिक्सेल भरली, म्हणजे एका सेंटिमीटरला २० पिक्सेल. ठरल्याप्रमाणे चेहऱ्यासाठीच्या २० सेंटिमीटरच्या गोल खिडकीभोवती १४ सेंटिमीटरच्या पाकळ्या काढल्या, तर कडे ४८ सेंटिमीटर रुंद झाले. तिचे खांदे ३० सेंटिमीटरचे आहेत. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ सेंटिमीटर बाहेर आलेले हे कडे तिला वावरताना अडचणीचे होईल. पाकळ्या ८ सेंटिमीटरच्या केल्यावर रुंदी ३६ सेंटिमीटर झाली आणि चेहरा उठून दिसू लागला. हे लिहिता लिहिता पुन्हा चित्र पाहिले, तेव्हा हनुवटीखालच्या पाकळ्या गळ्यावर दाटलेल्या दिसल्या. तिला बोलायचेही आहे, म्हणून खालचा चतुर्थांश मोकळाच ठेवीन आणि तिथे हिरवी कॉलर देईन.

छायाचित्राबाबत माझे नियम तेच आहेत. आधी तिला विचारायचे, चित्र तिलाच प्रथम दाखवायचे आणि तिला नको असेल तर ते पुसायचे. ती नेहमीच्या पूर्ण कपड्यांत असते, अंगावर गणवेश किंवा नावाची पट्टी नसते. मी फक्त पोशाख बदलते. तिचा वर्ण आणि बांधा यांना हात लावत नाही. पार्श्वभूमी काढून देणारी संकेतस्थळे झटपट काम करतात, पण त्यासाठी मुलीचे छायाचित्र परक्या सर्व्हरवर चढवावे लागते, म्हणून ती मला मुळीच पसंत नाहीत. कॅमेऱ्यातील स्थाननोंद आणि फोनचा आपोआप होणारा बॅकअप मी आधीच बंद करते. शिवणाऱ्या मावशींना चित्र पाठवायचे असेल तेव्हा चेहऱ्यावर एकरंगी लंबगोल भरून, सगळे थर सपाट करून, फाइलमध्ये दडलेली एक्झिफ माहिती आणि लघुचित्र या दोन्हींची खूण काढून निर्यात करते. गिंपची मूळ .xcf फाइल कधीच पाठवत नाही, कारण लपवलेल्या थरांत पूर्ण चेहरा तसाच असतो.

आता बाजूने काढलेल्या छायाचित्रावर कड्याचा मागे झुकणारा कोन तपासायचा आहे. तो ठरेपर्यंत पुठ्ठा कापणार नाही.